तारीख खोटी नाही, तिचे नाव हरवले आहे : १७५२ पूर्वीच्या मराठी इतिहासातील दहा-अकरा दिवसांचा घोळ

#थ्रेड #इतिहास

१/
दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की एक ‘गौप्यस्फोट’ फिरू लागतो. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी झालाच नाही, तो १ मार्चला झाला, आणि इतिहासकारांनी शंभर वर्षे महाराष्ट्राला फसवले, असा त्याचा आशय असतो. त्याला उत्तर देणारे तितक्याच आवेशाने सांगतात की १ मार्च हा विरोधकांचा कट आहे. दोन्ही पक्ष एकाच अज्ञानावर उभे आहेत. १९ फेब्रुवारी आणि १ मार्च ही एकाच दिवसाची दोन नावे आहेत. वाद दिवसाचा नाही, दिनदर्शिकेचा आहे. आणि या वादाचे खरे अपराधी म्हणजे दिनदर्शिकेचे नाव न सांगता जुन्या तारखा छापणारे सगळेच जण.

२/
आधी मूळ गोष्ट. ज्यूलियन दिनदर्शिकेत दर चौथे वर्ष बिनचूक लीप धरले जाई. त्यामुळे वर्षाची सरासरी लांबी ३६५.२५ दिवस होई. ऋतूंचे खरे वर्ष याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. हा फरक साठत गेला आणि सोळाव्या शतकापर्यंत दिनदर्शिका ऋतूंच्या दहा दिवस मागे पडली. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये सुधारणा केली. ४ ऑक्टोबर, गुरुवार, या दिवसानंतर थेट १५ ऑक्टोबर, शुक्रवार, आला. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तारखा वगळल्या गेल्या, वार वगळले गेले नाहीत. गुरुवारनंतर शुक्रवारच आला. पुढची सगळी उकल याच एका धाग्यावर आहे.

३/
पोर्तुगाल आणि स्पेन यांनी ही सुधारणा लगेच स्वीकारली. डच ईस्ट इंडिया कंपनीचे घर असलेल्या हॉलंडनेही १५८३ च्या आरंभी ती घेतली. प्रॉटेस्टंट इंग्लंडने मात्र पोपची दिनदर्शिका १७० वर्षे नाकारली. अखेर १७५२ मध्ये तेथे २ सप्टेंबर, बुधवार, यानंतर १४ सप्टेंबर, गुरुवार, आला. तोवर अंतर अकरा दिवसांचे झाले होते, कारण १७०० हे वर्ष ज्यूलियन पद्धतीत लीप होते आणि ग्रेगोरियन पद्धतीत नव्हते. हा कायदा इंग्लंडच्या वसाहतींनाही लागू होता. म्हणजे मुंबईच्या वखारीतील कारकुनाच्या वहीतूनही ते अकरा दिवस नाहीसे झाले.

४/
आणि मराठी मुलखात त्या वेळी काय झाले? काहीच नाही. भाद्रपदाचा शुद्ध पक्ष चालू होता, गणेश चतुर्थी नुकतीच होऊन गेली होती. नाशिक प्रांतातील विंचूर हे ज्यांच्या घराण्याचे सरंजामी गाव, ते सरदार विठ्ठल शिवदेव तेव्हा हयात होते. शाहू छत्रपतींच्या काळात उदयास आलेला हा पुरुष पुढे १७६१ मध्ये पानिपतावर लढला आणि तेथून परतला. म्हणजे एकाच माणसाच्या कर्तृत्वाचा पूर्वार्ध आजच्या पुस्तकांत ज्यूलियन तारखांनी लिहिला जातो आणि उत्तरार्ध ग्रेगोरियन तारखांनी. त्याला स्वतःला याचा पत्ताही नव्हता. त्याच्या दप्तरात शके होते, सुहूर सन होता, मास, तिथी आणि वार होते. त्यांतला एकही दिवस कधी गळला नाही.

५/
म्हणून पहिला मुद्दा असा. मराठी साधनांत ‘इंग्रजी तारीख’ मुळात नाहीच. ती नंतरच्या अभ्यासकांनी जंत्रीवरून काढलेली आहे. स्वामिकन्नू पिल्ले यांच्या ‘इंडियन एफेमेरिस’सारख्या कोष्टकांत २ सप्टेंबर १७५२ पर्यंत ज्यूलियन आणि पुढे ग्रेगोरियन तारखा दिल्या आहेत. मराठेशाहीच्या इतिहासकारांनी बहुधा हीच रीत पाळली, कारण सुरत, मुंबई, राजापूर येथील इंग्रजांची पत्रेही त्याच गणनेत होती. दोन्ही साधने शेजारी ठेवून वाचता येत. ही फसवणूक नव्हती, सोय होती. चूक झाली ती पुढे, जेव्हा तारीख पाठ्यपुस्तकात, फलकावर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आली आणि तिची गणना कोणती हे सांगणारी दोन अक्षरे वाटेतच गळून पडली.

६/
आता शिवजन्माचे उदाहरण नीट पाहू. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. जंत्रीत या दिवशी १९ फेब्रुवारी १६३० ही ज्यूलियन तारीख येते. त्यात दहा दिवस मिळवावेत. १६३० हे लीप वर्ष नव्हते, फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, म्हणून उत्तर येते १ मार्च १६३०, ग्रेगोरियन. ज्यूलियन १९ फेब्रुवारीचा वार शुक्रवार आणि ग्रेगोरियन १ मार्चचा वारही शुक्रवार. शकावलीतील वाराशी दोन्ही जुळतात. जुळणारच, कारण तो एकच दिवस आहे.

७/
मग ‘गौप्यस्फोट’ कोठून निघतो? संगणकातील बहुतेक तारीख-गणिते आजची ग्रेगोरियन दिनदर्शिका मागे मागे ताणत नेतात, ती अस्तित्वात नव्हती त्या काळापर्यंतही. अशा यंत्रात १९ फेब्रुवारी १६३० घातली की ते ‘मंगळवार’ सांगते. तिथी विचारली तर फाल्गुन शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे काही तरी सांगते. उत्साही शोधकर्त्याला वाटते की वार चुकला, तिथी चुकली, म्हणजे शकावली बनावट किंवा इतिहासकार अडाणी. यंत्राने मात्र विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिलेले असते. ज्यूलियन तारीख ग्रेगोरियन म्हणून विचारली गेली, एवढाच घोटाळा. शोधाची घोषणा करण्यापूर्वी हा मंगळवार कोठून आला, हे तपासायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे न देणाऱ्याला इतिहासकारांवर फसवणुकीचा आरोप करण्याचा अधिकार नाही.

८/
दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवादही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. आज पाळली जाणारी दिनदर्शिका ग्रेगोरियन आहे. मग चारशे वर्षांपूर्वीच्या दिवसाची जयंती ग्रेगोरियन तारखेलाच का पाळू नये? सूर्याच्या हिशेबाने तोच खरा वार्षिक दिवस होय. याला जगात आधारही आहे. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या गणनेत ११ फेब्रुवारीचा, आज अमेरिका २२ फेब्रुवारी मानते. रशियाची ऑक्टोबर क्रांती २५ ऑक्टोबर १९१७ ची, पण देशाने १९१८ मध्ये दिनदर्शिका बदलली आणि वर्धापनदिन ७ नोव्हेंबरला होऊ लागला. तेव्हा १ मार्च म्हणणे हा काही वेडेपणा नव्हे.

९/
परंतु मग ती रीत सगळीकडे लावावी लागेल. शिवजन्म १ मार्च असेल तर आग्र्याहून सुटका १७ ऑगस्ट १६६६ ची नव्हे, २७ ऑगस्टची. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा नव्हे, १६ जूनचा. महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० चे नव्हे, १३ एप्रिलचे. एकच तारीख बदलून बाकीच्या तशाच ठेवणारा माणूस दुरुस्ती करत नाही, नवा घोळ घालतो. त्याच्या हिशेबाने महाराजांचे आयुष्यच दहा दिवसांनी कमी होते. पट्टी कोणती वापरावी हा निवडीचा प्रश्न आहे. अर्धे माप एका पट्टीने आणि अर्धे दुसऱ्या पट्टीने घेणे ही मात्र निवड नव्हे, चूक आहे.

१०/
हे केवळ जयंतीपुरते असते तर हसून सोडून देता आले असते. पण तारखांची सरमिसळ प्रत्यक्ष घटनांचा अर्थ बदलते. वसईचे उदाहरण घ्यावे. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला. काही पुस्तकांत शरणागतीची तारीख १६ मे आहे. काही मराठी ग्रंथांत किल्ला ताब्यात आल्याची तारीख १२ मे आहे. म्हणजे शरण येण्याच्या चार दिवस आधीच किल्ला ताब्यात आला होता काय? वाचक गोंधळतो. कोणी म्हणतो पोर्तुगीज खोटे बोलले, कोणी म्हणतो मराठी लेखकांनी विजय घाईने जाहीर केला.

११/
खरे कारण अगदी साधे आहे. १६ मे ही पोर्तुगीज कागदांतील ग्रेगोरियन तारीख. १२ मे ही मराठी ग्रंथकारांनी जंत्रीवरून घेतलेली ज्यूलियन तारीख. हे अठरावे शतक आहे, म्हणून फरक दहा नव्हे, अकरा दिवसांचा. १६ मधून अकरा वजा केले की शरणागती जुन्या गणनेत ५ मे. १२ मध्ये अकरा मिळवले की किल्ला रिकामा झाल्याचा दिवस नव्या गणनेत २३ मे. आता दोन्ही ओळी सरळ होतात. जुन्या गणनेत ५ मे ते १२ मे, नव्या गणनेत १६ मे ते २३ मे. दोन्हींत अंतर सात दिवसांचे. शरणागतीचा दिवसही शनिवार आणि किल्ला सोडण्याचा दिवसही शनिवार.

१२/
आता सरमिसळ करून पाहा. शरणागती जुन्या गणनेतील ५ मे घेतली आणि किल्ला सोडणे नव्या गणनेतील २३ मे घेतले, तर पोर्तुगीज शरण आल्यावरही अठरा दिवस किल्ल्यात बसून होते असे दिसते. यावरून मराठ्यांच्या ढिलाईवर किंवा पोर्तुगिजांच्या लबाडीवर एक झणझणीत परिच्छेद लिहिता येईल. तो परिच्छेद संपूर्ण काल्पनिक असेल, आणि त्यातली प्रत्येक तारीख मात्र ‘साधार’ असेल. इतिहासात खोट्या पुराव्यापेक्षा हा प्रकार अधिक घातक आहे. येथे पुरावा खरा असतो, फक्त त्याचे माप निराळे असते.

१३/
इंग्रजी कागदांत आणखी एक खड्डा आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला सुरू होई. शिवरायांनी सुरतेवर पहिली स्वारी केली तो दिवस इंग्रजी वखारीच्या गणनेत मंगळवार, ५ जानेवारी १६६३. आजच्या वर्षारंभाने ते १६६४. त्याच सुरतेत डचांचीही वखार होती आणि त्यांच्या दिनदर्शिकेप्रमाणे तो दिवस १५ जानेवारी १६६४. एकच शहर, एकच मंगळवार, हाकेच्या अंतरावरच्या दोन वखारी, आणि कागदावर त्यांच्यात एक वर्ष दहा दिवसांचे अंतर! म्हणूनच सावध इंग्रज लेखक जानेवारी ते मार्चमधील तारखांना १६६३/६४ असे जोडवर्ष लिहीत. ती तिरकी रेघ ‘साल नक्की माहीत नाही’ असे सांगत नाही. साल नेमके कोणते, हेच ती सांगते.

१४/
तेव्हा दोन साधनांत तारखा जुळेनात, तर कोणाला खोटे ठरवण्यापूर्वी फरक किती आहे ते मोजावे. १६९९ च्या अखेरीपर्यंतच्या घटनेत नेमका दहा दिवसांचा, किंवा १७०० च्या मार्चपासून १७५२ पर्यंत नेमका अकरा दिवसांचा फरक असेल, तर तो दिनदर्शिकेचा. जानेवारी ते २४ मार्च या काळात नेमका एक वर्षाचा फरक असेल, तर तो इंग्रजी वर्षारंभाचा. आणि आज दोन दिनदर्शिकांत तेरा दिवसांचे अंतर आहे, म्हणून शिवकालीन तारखेत तेरा दिवस मिळवणाऱ्याने तेथेच थांबावे. अंतर घटनेच्या काळचे धरायचे असते, आजचे नव्हे.

१५/
फरक एकाच दिवसाचा असेल तर दोष दिनदर्शिकेला देऊ नये. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, इंग्रजी दिवस मध्यरात्रीपासून. जेधे शकावलीत राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवारी, तीन घटिका रात्र उरली असता झाल्याची नोंद आहे. घटिका चोवीस मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सुमारे बहात्तर मिनिटे बाकी होती. पंचांगाच्या दृष्टीने तो अजून शुक्रवार, युरोपीय दृष्टीने शनिवार, ६ जून उजाडलेला. हा विरोध नव्हे. पहाटेची ती वेळ दोन रीतींनी दोन वारांत मोजली गेली, इतकेच.

१६/
सर्वांत भरवशाचा साक्षीदार वार आहे. ज्यूलियन असो की ग्रेगोरियन, शके असो की सुहूर सन, सात वारांचे चक्र कोणीही तोडलेले नाही. मूळ कागदात वार असेल तर तारीख कोणत्या गणनेची ते तत्काळ कळते. दहा किंवा अकरा यांना सातने भाग जात नाही, त्यामुळे चुकीच्या दिनदर्शिकेत वार जुळूच शकत नाही. म्हणून जुन्या पत्रातून तारीख उतरवताना वार गाळणे म्हणजे साक्षीदाराला न्यायालयाबाहेर उभे करणे होय. या साक्षीलाही मर्यादा आहे. वारच नसलेल्या कागदाला ती लागू पडत नाही, आणि पहाटेच्या घटनेत ती एका दिवसाने हलते.

१७/
उलट दिशेची चूकही होते. काही उत्साही मंडळी १७५२ नंतरच्या तारखांतही अकरा दिवस मिळवतात. पानिपताचे युद्ध १४ जानेवारी १७६१, बुधवार. ही तारीख ग्रेगोरियनच आहे, तिला हात लावायचा नाही. विंचूरकरांच्या इतिहासात विठ्ठल शिवदेवांचे पानिपत आणि त्यांच्या तरुणपणीच्या मोहिमा एकाच तक्त्यात मांडायच्या असतील, तर १७५२ पाशी ठळक रेघ ओढावी. रेघेच्या वरच्या तारखांना ‘ज्यू.’ आणि खालच्या तारखांना ‘ग्रे.’ असे लिहावे. एवढे केले तर वाचणाऱ्याला कोठेही अंदाज करावा लागणार नाही.

१८/
पानिपताबाबत आणखी एक समज रूढ आहे. युद्ध ऐन मकरसंक्रांतीला झाले, असे सांगितले जाते, कारण संक्रांत १४ जानेवारीला येते. आज येते. पंचांगाची संक्रांत नक्षत्रांच्या वर्षावर चालते. ते वर्ष ग्रेगोरियन वर्षाहून किंचित मोठे आहे, म्हणून संक्रांत शतकागणिक पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, तेव्हा तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षे मागे, १७६१ मध्ये, संक्रांत १४ तारखेच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. ‘पानिपतावर संक्रांत कोसळली’ हे भाषेत शोभते. कालनिर्णयात ते उतरत नाही. चूक तीच, आजची दिनदर्शिका कालच्या भिंतीवर टांगण्याची.

१९/
मग करावे काय? १९ फेब्रुवारी बदलण्याची गरज नाही. शासनाने ठरवलेला तो उत्सवाचा दिवस आहे आणि त्यामागे खरी ज्यूलियन तारीख आहे. तिथीने जयंती करणारेही चूक नाहीत, ते मूळ नोंदीच्या भाषेतच बोलतात. मागणी एकच आणि अगदी लहान आहे. १७५२ पूर्वीची कोणतीही तारीख पाठ्यपुस्तकात, किल्ल्यावरील फलकावर किंवा लेखात आली, की तिच्यासोबत शके, तिथी, वार आणि गणनेचे नाव यावे. ‘फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार, १९ फेब्रुवारी १६३० (ज्यू.), १ मार्च १६३० (ग्रे.)’ एवढी ओळ दगडावरही मावते.

२०/
जे म्हणतात की सामान्य वाचकाला एवढे कळणार नाही, त्यांनी विंचूरसारख्या कोणत्याही गावातील पंचांग पाहणाऱ्या आजींकडे जाऊन पाहावे. तिथी, वार, मास आणि इंग्रजी तारीख ही चारही मापे त्या रोज एकाच वेळी वापरतात, आणि सूर्योदयाची तिथी कोणती हेही जाणतात. वाचक अडाणी नाही. त्याला अर्धी तारीख देणारे आळशी आहेत. ज्यांना ‘इतिहास दुरुस्त’ करायचा आहे, त्यांनी आधी आपल्या तारखेपुढे ‘ज्यू.’ किंवा ‘ग्रे.’ लिहावे. निम्मे गौप्यस्फोट तेथेच विझतील.

(थ्रेड समाप्त)